शीतपेटीवरची चार पानं

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळाकडे एक शीतपेटी आहे. घरात कोणी गेलं आणि जवळचं माणूस दुरून यायचं असलं, की ती पेटी टेम्पोतून येते. तिच्या कडेला आगपेटीएवढा काळा पडदा आहे आणि त्यावर पांढरी अक्षरं उमटतात. ती अक्षरं माझी आहेत. एरवी माझं हस्ताक्षर कुठे छापून आलेलं नाही. आलं ते तिथे.

हे काम माझ्या नवऱ्याचं. आयुष्यभर त्याला ‘अहो’ म्हटलं. लिहिताना ‘तो’ म्हणते आहे. हरकत घेणारा उरलेला नाही.

पेटीचं मूळचं तापमानाचं यंत्र बिघडलं, तेव्हा विकणाऱ्यानं सांगितलं की आता नवी पेटीच घ्या. मंडळाच्या सभेत यावर चर्चा झाली आणि मंडळाच्या परंपरेप्रमाणे काहीच ठरलं नाही. नवरा टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन घरातली चालू यंत्रं दुरुस्त करत बसला होता. तो म्हणाला, “मी बनवून देतो.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फुकट म्हटलं की आमच्या समाजात एकमत व्हायला वेळ लागत नाही.

मग आमच्या जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगचा वास बसला तो काही महिने हलला नाही. इंदरगंजच्या एका दुकानातून आणि बाकीचं कुरिअरनं असं सामान आलं. बोटाएवढ्या स्टीलच्या नळीत बसवलेला तापमानाचा सेन्सर, एक लहानसं नियंत्रक बोर्ड, कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा रिले, तो ओएलईडी पडदा, आणि एक गोल फिरणारं बटण. त्या बटणाला तो रोटरी एन्कोडर म्हणायचा. मी चक्री म्हणायची. जुन्या रेडिओच्या बटणासारखं दिसतं, पण त्याला सुरुवात नाही की शेवट नाही; फिरवत राहा, फिरतच राहतं. एक खटका फिरवला की पडद्यावर पुढचं पान येतं, उलट फिरवलं की मागचं. शेवटच्या पानानंतर पुन्हा पहिलं. दाबलं की कुठूनही थेट पहिल्या पानावर.

“प्रदक्षिणाच म्हण,” तो म्हणाला.

“देव कोण?”

“आत जो असेल तो.”

सुरुवातीला एक खटका फिरवला की दोन-तीन पानं उडायची. त्याचं म्हणणं होतं की आतले धातूचे संपर्क एकदा टेकताना जरा थरथरतात आणि बोर्डाला वाटतं पुष्कळदा फिरवलं. शिवाय एका खटक्यामागे चार बदल होतात, ते चारही मोजून मग एक पान धरायचं असतं. मी म्हटलं, आपल्या वन्संचंही असंच आहे, एकदा सांगितलेलं चारदा कळवतात. तो हसला नाही. बहिणीवरच्या विनोदांना तो कधीच हसत नसे. पण त्या दिवसापासून त्या दुरुस्तीला तो मनाशी वन्संचं नाव देऊन बसला होता, हे मला ठाऊक आहे.

पानं चार होती. पहिल्यावर तापमान, मोठ्या आकड्यांत. दुसऱ्यावर कॉम्प्रेसरची अवस्था. तिसऱ्यावर झाकण, लावलेलं की उघडं. त्यासाठी कडेला एक चुंबक आणि एक स्विच होता. चौथ्यावर सेन्सर जागेवर आहे की नाही. अक्षरांचा घोटाळा झाला. त्या पडद्याला इंग्रजी येत होतं, देवनागरी येत नव्हतं. जोडाक्षरं तर फुटून पडायची. तेव्हा त्याला सुचलं की शब्द अक्षरं म्हणून पाठवायचेच नाहीत, चित्रं म्हणून पाठवायचे. “तू लिही,” तो म्हणाला. “तुझं अक्षर वाचता येतं.”

बत्तीस वर्षं महाविद्यालयात इतिहास शिकवल्यावर मिळालेली ही सर्वात स्पष्ट प्रशंसा. मी जाड पेनानं कागदावर लिहिलं: चालू. बंद. लावलेले. उघडे. सेन्सर ठीक. सेन्सर नाही. झाकण लावा. त्यानं त्यांचे फोटो काढले, ठिपक्यांत बसवले. वीज गेली आणि परत आली की कॉम्प्रेसर लगेच सुरू करायचा नसतो, आतला दाब उतरेपर्यंत काही मिनिटं थांबायचं असतं. त्या थांब्यासाठीही एक शब्द हवा होता. मी ‘विसावा’ लिहिलं. त्याला आवडलं. तिरडी वाटेत खाली टेकवतात त्यालाही विसावाच म्हणतात, हे दोघांच्या लक्षात होतं आणि दोघांनीही काढलं नाही.

चाचणीसाठी त्यानं सगळं आमच्या जुन्या फ्रिजला जोडलं. एका रात्रीत सेन्सरची तार निसटली आणि सकाळी दही ताकाच्या पुढे गेलेलं, दूध नासलेलं. पडद्यावर उणे १२७.

“एवढं थंड असून दूध कसं नासलं?” मी विचारलं.

तेव्हा त्यानं समजावलं. सेन्सरशी संपर्कच झाला नाही की उणे १२७ हा आकडा येतो. त्याचा अर्थ थंडी नव्हे. त्याचा अर्थ ‘उत्तर नाही’. पण नियंत्रकानं तो आकडा खरा मानला, पुरेसं थंड आहे म्हणून कॉम्प्रेसर बंदच ठेवला. दुसरा आकडा ८५. सेन्सरला नव्यानं वीज मिळाली आणि त्यानं अजून काही मोजलं नसलं, तरी त्याच्यात तो आकडा तयार बसलेला असतो.

“म्हणजे वर्गात नाव घेतलं की काहीही उत्तर ठोकणारा विद्यार्थी,” मी म्हटलं.

“बिल्कुल.”

त्यानं त्यावर सोय केली: सेन्सर हरवला तर तापमानाकडे बघायचंच नाही, ठराविक वेळ कॉम्प्रेसर चालवायचा, ठराविक वेळ थांबवायचा. म्हणजे पेटी थंड राहील. पण पडद्यावरचे खुळे आकडे त्यानं तसेच ठेवले. मी म्हटलं, लोक घाबरतील, तिथे दोन रेघा दाखव. तो म्हणाला, यंत्रानं आपली चूक लपवू नये. मी म्हटलं, तुमच्या घराण्याचा हा नियम यंत्रापुरताच आहे वाटतं. त्या वेळी मात्र हसला.

आणखी एक. ते पडदे सतत पेटते ठेवले की झिजतात, म्हणून थोड्या वेळानं तो आपोआप काळा व्हायचा. चक्रीला हात लावला की पुन्हा उजळायचा. नव्या माणसाला वाटायचं यंत्र मेलं. नवरा प्रत्येक वेळी समजवायचा, “झोपलंय. मेलं नाही.” पेटीच्या संदर्भात हे वाक्य बोलायला नको होतं, पण त्याला ते सुचायचं नाही.

मे महिन्यात तो गेला. दुपारी आंबा कापायला घेतला होता. आंबा तसाच राहिला. मुलगी परदेशात. फोनवर ती एवढंच म्हणाली, “आई, थांबवून ठेव. मी निघाले.” दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती दिल्लीहून टॅक्सीनं पोचणार होती. ग्वाल्हेरचा मे. बाहेर रस्ता पायाला चिकटत होता.

पेटी आली. टेम्पोवाल्यानं सवयीनं विचारलं, “भाईसाहब साथ नहीं आए? हर बार वो ही चालू करते हैं.”

मी आत बोट दाखवलं. तो बिचारा पायरीवरच बसला.

माझे दीर शहरातच, हजीऱ्याला राहतात. धाकटे, बँकेतून निवृत्त, आणि कुठलीही गोष्ट संध्याकाळच्या आत मिटवायची हा त्यांचा स्वभाव. त्यांना त्याच दिवशी न्यायचं होतं. गुरुजींनाही. मी मुलीचं सांगितलं तेव्हा दीर म्हणाले, “वहिनी, ठीक आहे. पण एक बात ध्यान में रखिए. दादाची विटंबना मी होऊ देणार नाही. पेटीनं साथ दिली तर उद्यापर्यंत. नाही दिली, तर तत्काळ न्यायचं, मग कोणी पोचो न पोचो.”

मी मान डोलावली. अट योग्यच होती. एका लेकीला बापाचा चेहरा दिसायचा की नाही, हे आता त्या बापाच्याच सोल्डरिंगवर होतं.

रात्र नीट गेली. सकाळी पहिल्या पानावर साडेतीन, दुसऱ्यावर ‘चालू’. मग लोक यायला लागले. पेटीला वर काच आहे, चेहरा दिसतो. हार काचेवर ठेवावेत अशी मंडळाची सूचनाही आहे. पण आमच्याकडे समजूत अशी की हार देहाला लागला नाही तर पोचतच नाही. त्यामुळे येणारा प्रत्येक जण झाकण उचलणार, हार आत ठेवणार, पायांना हात लावणार. आणि हार फार झाले की वन्सं जुने ओढून काढणार, नव्यांना जागा करून. झेंडूचे हार, जाड सुतळीत ओवलेले. झाकण उघडं राहिलं की पडद्यावर कुठलंही पान असलं तरी माझं अक्षर लखलखायचं: झाकण लावा. लोक ते वाचून मला म्हणायचे, “व्यवस्था फार छान आहे हो,” आणि झाकण तसंच धरून उभे राहायचे.

दर्शन झालं की चक्री. हे कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्यानं सहज फिरवली, दुसऱ्यानं बघून फिरवली, तिसऱ्यापासून तो विधी झाला. नमस्कार, हार, पाय, चक्री. दाल बाजारातले एक व्यापारी, नवऱ्याचे पत्त्यांतले सोबती, चारही पानं वाचून म्हणाले, “भाभीजी, सब ठीक बता रहा है.” जणू नवरा त्यातून बरा होणार होता.

अकराच्या सुमारास वन्संनी किंकाळी फोडली.

“अगं बाई! पंच्याऐंशी! दादा पंच्याऐंशीवर आहे!”

खोलीतले सगळे पेटीभोवती. मी मागे होते, मला पडदा दिसेना. कोणी म्हणालं चार आहे, कोणी म्हणालं नाही, पंच्याऐंशीच. दोन्ही खरं होतं. आकडा क्षणात हा, क्षणात तो.

“पचासी में तो अंडा उबल जाए,” व्यापारी म्हणाले.

“अहो, काय बोलताय!” वन्सं रडत म्हणाल्या. “त्याला अंडं चालतही नव्हतं.”

चालत होतं. पण ती वेळ नव्हती.

“भाऊजी,” मी म्हटलं, “तो आकडा खरा नाही. सेन्सरची तार—”

“वहिनी, तुम्ही बसा. एक बार रीस्टार्ट करून बघतो.” आणि त्यांनी प्लग काढला. टीव्ही, मोडेम, इन्व्हर्टर, सगळ्यावर त्यांचा हाच इलाज. मोजून थोडं थांबले आणि परत लावला.

पडदा उजळला. उणे १२७.

सगळे पुढे वाकले. मग व्यापारी हळूच म्हणाले, “अब तो जम गए.”

गुरुजींनी घसा खाकरला. त्यांना आकड्यांत रस नव्हता, पण निर्णय घ्यायला ते निमित्त बरं होतं. दीरांनी घाईघाईनं चक्री फिरवली. दुसरं पान आलं. त्यावर माझ्याच हातचं: विसावा.

दीर माझ्याकडे वळले. डोळे लाल. “हे कोणी लिहिलं?”

“मी.”

“वहिनी, यंत्र बंद पडलंय. आकडे पागल झालेत. आत गरम होऊन राहिलंय की काय, कुणाला माहीत. मी सांगितलं होतं.” मग बाहेरच्या माणसांकडे बघून, “तयारी करा. गाडीला फोन लावा.”

मुलीचा फोन थोड्या वेळापूर्वी आला होता. मथुरा मागे पडली होती.

मला त्या क्षणी खूप काही समजावता आलं असतं. सेन्सर नव्यानं जागा झाला की काय बोलतो, उत्तर नसलं की काय दाखवतो, कॉम्प्रेसर का थांबतो. बत्तीस वर्षं मी ऐकायची इच्छा नसलेल्यांना समजावलं आहे. त्याचा उपयोग होत नाही हेच त्यातून शिकले. मी पुढे झाले, झाकण उचललं आणि हात आत घातला. त्याच्या गालावर ठेवला.

सकाळपासून सगळ्यांनी पायांना हात लावला होता, तोही पांघरुणावरून. चेहऱ्याला कोणी लावला नव्हता. मीही नाही. मी घाबरत होते. खरं तर या क्षणापर्यंत सगळं पडद्यावरच वाचत होते.

गार. माठाच्या तळासारखा गार. असा की माझी बोटं आपोआप मिटली.

“भाऊजी,” मी म्हटलं, “हात लावून बघा.”

“मी?”

“तुमचा दादा आहे. पंच्याऐंशीवर असला तर भाजेल, दुसरं काय.”

त्यांनी लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग त्यांचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावं लागलं. “थंडा आहे,” ते म्हणाले. मग पुन्हा, कुणाशीच नाही, “दादा, किती थंडा आहेस रे.”

हात आत असतानाच मी कडेनं चाचपलं. स्टीलची नळी आपल्या खाचेत नव्हती. तिची तार एका झेंडूच्या सुतळीत गुंतली होती आणि जोडणी निसटून लोंबत होती. वन्संनी हार ओढले की ती थोडी थोडी सुटत गेली असणार. आधी हलली म्हणून पंच्याऐंशी, मग पूर्ण निघाली म्हणून उणे १२७. मी हार सोडवला. नळी खाचेत बसवली. जोडणी दाबली. तिला एकाच बाजूनं बसायची खाच आहे. चुकीची बसतच नाही. माझ्यासारख्यांचा विचार करून त्यानं तशी आणली होती.

झाकण लावलं आणि चक्री दाबली. पहिलं पान. क्षणभर ८५.

वन्संनी पुन्हा किंकाळीसाठी श्वास घेतला.

“थांबा,” मी म्हटलं. “आत्ता जागा झालाय. अजून मोजलेलं नाही.”

पुढचा आकडा आला. सहा पूर्णांक दोन. एवढा वेळ उघडं असल्यावर जेवढा असायला हवा तेवढा. मी दुसऱ्या पानावर गेले. अजून ‘विसावा’. सगळे त्या आगपेटीएवढ्या पडद्याकडे बघत उभे. असं लक्ष माझ्या वर्गात कधी मिळालं नाही. मग खालून खडखड झाली, पेटी जरा थरथरली, आणि अक्षर बदललं: चालू.

व्यापाऱ्यांनी हात जोडले. कुणाला ते कळलं नाही. मला वाटतं कॉम्प्रेसरला.

दीरांनी फोन करून गाडी रद्द केली. मग खुर्ची ओढून पेटीच्या डोक्याशी बसले आणि त्यानंतर जो हार घेऊन आला त्याला म्हणाले, “काचेवर. ऊपर रखिए. मी म्हणतो ना, पोचतो.” वन्संनाही तेच सांगितलं. वन्संना एवढ्या कडक आवाजात कोणी बोललेलं मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं. आतला माणूस ऐकत असता तर त्याला बरं वाटलं असतं, कबूल केलं नसतं.

पडदा अधूनमधून काळा व्हायचा. दीर चक्रीला बोट लावायचे. पाच. चार पूर्णांक सहा. चार. प्रत्येक वेळी मला मोठ्यानं सांगायचे, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसे. एकदा एक बाई घाबरून म्हणाल्या, “अहो, हे बंद पडलं.” दीर म्हणाले, “झोपलंय. मेलं नाही.” वाक्य कुठून आलं हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं, आणि ते उठून अंगणात गेले.

तीनच्या सुमारास मुलगी आली. पाठीवर पिशवी तशीच. पडद्यावर साडेतीन होतं. ती पेटीजवळ गेली, काचेतून पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. दीर उठले आणि त्यांनी स्वतः झाकण उचललं.

ती खाली वाकली. काय बोलली ते मी ऐकलं नाही, ऐकायचं नव्हतं. आम्ही सगळे मागे सरलो. बराच वेळ गेला. मग पडदा उजळला आणि माझं अक्षर लखलखू लागलं: झाकण लावा. तिनं मान वळवून ते वाचलं. लहानपणी डब्यावर, वह्यांवर, फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर तिनं तेच अक्षर वाचलेलं. दूध झाक. दार लाव. गॅस बघ.

“आई,” ती म्हणाली, “इथेही तू?”

“मला म्हणाले लिही. मी लिहिलं.”

ती हसली, आणि हसता हसता तिचं जे व्हायचं ते झालं. दीर झाकण धरून उभे होते. ते लावत नव्हते. गुरुजी माझ्याकडे बघत होते. लावा म्हणणारी मीच होते आणि मलाच लावायचं नव्हतं. ते शब्द मी जाड पेनानं लिहिले, तेव्हा टेबलापलीकडे बसून तो म्हणाला होता, जरा मोठं लिही, लोक ऐकत नाहीत.

मी मुलीला बाजूला घेतलं. दीरांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून झाकण खाली आणलं. लखलख थांबली, तापमानाचं पान आलं, आणि आम्ही तयारीला लागेपर्यंत पडदा काळा झाला. त्याला कोणी हात लावला नाही.

पेटी अजून मंडळाकडे आहे. काही बिघडलं की फोन मला येतो. मागच्या आठवड्यात कुणाच्या तरी घरून आला, बाई रडत होत्या: “काकू, पंच्याऐंशी दाखवतंय!” मी म्हटलं, आधी हात लावून बघा. मग हार काढा.